एटीआर, स्टॉपलॉसचं अंतर आणि किती नग घ्यायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यात नोकरी सांभाळून शेअर घेणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी चर्चा डिलिव्हरीत घेतलेल्या शेअरबद्दल आहे. निर्णय संध्याकाळी, चार्ट शांतपणे बघून घ्यायचा आणि शेअर काही दिवस ते काही आठवडे ठेवायचा, असं गृहीत धरलं आहे. शेअरची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. भाव उदाहरणापुरते घेतले आहेत, हिशोब मात्र खरा आहे.

एटीआर नेमकं काय सांगतो?

एटीआर म्हणजे ॲव्हरेज ट्रू रेंज. एखादा शेअर साधारणपणे दिवसाला किती रुपये हलतो, एवढंच तो सांगतो. एटीआर २६ असेल, तर अलीकडे त्या शेअरची दिवसाची हालचाल सरासरी २६ रुपये आहे. भाव वर जाणार की खाली, याबद्दल तो काहीही सांगत नाही. जोरात चढणाऱ्या शेअरचा एटीआर वाढतो आणि जोरात पडणाऱ्याचाही वाढतो. त्यामुळे एटीआर बघून खरेदी-विक्रीचा इशारा शोधू नका. त्याचं काम खरेदी ठरल्यानंतर सुरू होतं: स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून शेअर विकायचा भाव, किती लांब लावायचा आणि नग किती घ्यायचे.

हा निर्देशक अमेरिकेतल्या वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. आरएसआय आणि एडीएक्स हे निर्देशकही त्यांचेच.

दिवसाचा उच्चांक वजा नीचांक केला की झालं, मग वेगळं सूत्र कशाला?

कारण भाव रात्रीतही हलतो. एक दिवस जवळून बघू. काल शेअर ६६८ ला बंद झाला. आज गॅप डाउन, म्हणजे कालच्या बंदच्या बराच खाली, उघडला, दिवसभरात उच्चांक ६५१, नीचांक ६३३ आणि बंद ६४०. उच्चांकातून नीचांक वजा केला तर १८ रुपये येतात, म्हणजे दिवस बराच शांत वाटतो. पण ज्याच्याकडे कालपासून शेअर आहे, त्याने ६६८ पासून ६३३ पर्यंतची घसरण सोसली आहे. ती ३५ रुपयांची आहे.

म्हणून तीन आकडे काढायचे आणि त्यातला सर्वांत मोठा घ्यायचा: आजचा उच्चांक वजा आजचा नीचांक (१८), आजचा उच्चांक आणि कालचा बंद यातलं अंतर (१७), आजचा नीचांक आणि कालचा बंद यातलं अंतर (३५). आजची खरी रेंज ३५. वाइल्डर यांच्यासमोर कमोडिटीचे वायदे होते. तिथे भाव थेट मर्यादेला जाऊन अडकायचा आणि दिवसभर एकाच भावावर राहायचा. उच्चांक वजा नीचांक शून्य, आणि नुकसान मात्र भलंमोठं. आपल्याकडे लोअर सर्किट, म्हणजे दिवसाची खालची भावमर्यादा, लागलेल्या शेअरमध्ये हेच दिसतं.

१४ दिवसांची सरासरी मी एक्सेलमध्ये काढली, पण चार्टवरचा आकडा वेगळा का येतो?

कारण चार्टवर बहुधा साधी सरासरी नसते. वाइल्डर यांची पद्धत अशी: पहिल्या १४ रेंजची एकदाच साधी सरासरी घ्यायची. त्यानंतर रोज कालच्या एटीआरला १३ ने गुणायचं, आजची रेंज मिळवायची आणि १४ ने भागायचं. वरच्या उदाहरणात कालचा एटीआर २५.३ होता असं धरा. २५.३ गुणिले १३ म्हणजे ३२८.९, त्यात ३५ मिळवले की ३६३.९, भागिले १४, म्हणजे जवळजवळ २६.

शीटमध्ये B मध्ये उच्चांक, C मध्ये नीचांक, D मध्ये बंद भाव ठेवा. पहिला दिवस दुसऱ्या ओळीत असेल तर:

```
E3:  =MAX(B3-C3, ABS(B3-D2), ABS(C3-D2))
F16: =AVERAGE(E3:E16)
F17: =(F16*13+E17)/14
```

E3 आणि F17 खाली ओढत न्या. इतकं करूनही आकडा जुळला नाही, तर तुमचा डेटा कमी दिवसांचा असणार. या पद्धतीत जुन्या दिवसांचा अंश बराच काळ मागे राहतो, म्हणून निदान १०० दिवसांचा डेटा घ्या. ट्रेडिंगव्ह्यूवर एटीआरच्या सेटिंगमध्ये `RMA` निवडलेलं असेल तर ती वाइल्डर यांचीच सरासरी आहे. तिथे `SMA` निवडलं, तर आकडा तुमच्या जुन्या एक्सेलशी जुळेल.

सगळ्या शेअरना सरसकट पाच टक्क्यांचा स्टॉपलॉस लावला तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

दोन शेअर घ्या, दोघांचाही भाव ६४०. पहिला रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या एखाद्या जुन्या कंपनीचा, एटीआर ९. दुसरा वर बघितलेला चंचल शेअर, एटीआर २६. पाच टक्के म्हणजे दोघांनाही ३२ रुपयांचा स्टॉपलॉस, ६०८ वर.

पहिल्या शेअरसाठी ३२ रुपये म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक हालचाल. तो ६०८ ला आला, तर त्याच्या स्वभावाच्या मानाने फार मोठी पडझड झालेली असेल. तुमचा अंदाज चुकल्याचं चार्ट केव्हाच सांगून मोकळा झालेला असतो, तुम्ही मात्र विनाकारण थांबलेले असता. दुसऱ्या शेअरसाठी तेच ३२ रुपये म्हणजे जेमतेम सव्वा दिवसाची हालचाल. एखादा नेहमीचा वाईट मंगळवार आला तरी स्टॉपलॉस उडेल आणि गुरुवारी शेअर पुन्हा ६६० ला दिसेल. "माझा स्टॉपलॉस उडाला की मगच शेअर वर जातो" अशी तक्रार करणाऱ्यांचे व्यवहार तपासले की बहुतेक वेळा हेच सापडतं. स्टॉपलॉस शेअरच्या रोजच्या वर-खालीच्या आतच लावलेला असतो.

एटीआर वापरला की अंतर शेअरप्रमाणे बदलतं. दोन एटीआरचं अंतर ठरवलं, तर पहिल्याला १८ रुपये आणि स्टॉपलॉस ६२२ वर, दुसऱ्याला ५२ रुपये आणि स्टॉपलॉस ५८८ वर. टक्क्यांत बघितलं तर एक तीन टक्क्यांच्या आत आणि दुसरा आठ टक्क्यांच्या वर. आकडे विषम दिसतात, पण दोन्ही शेअरना श्वास घ्यायला सारखीच जागा मिळालेली असते.

पण ५२ रुपयांचा स्टॉपलॉस म्हणजे नुकसानही मोठं ना?

नग तेवढेच ठेवले तर नक्कीच मोठं. म्हणून अंतर वाढलं की नग कमी करायचे. क्रम असा: आधी स्टॉपलॉस कुठे ते ठरवा, मग एका व्यवहारात जास्तीत जास्त किती रुपये गमवायची तयारी आहे ते बघा, आणि त्या रकमेला अंतराने भागा.

भांडवल ४ लाख आणि एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे ४,००० रुपये जोखीम असं धरू. चंचल शेअर: ४,००० भागिले ५२ म्हणजे ७६.९, खाली उतरवून ७६ नग. ६४० च्या भावाने ४८,६४० रुपये लागतील. स्टॉपलॉस लागला तर ७६ गुणिले ५२, म्हणजे ३,९५२ रुपये जातील. शांत शेअर: ४,००० भागिले १८, म्हणजे २२२ नग आणि गुंतवणूक १,४२,०८० रुपये. स्टॉपलॉस लागला तर ३,९९६ रुपये जातील.

एकात पन्नास हजारांच्या आत रक्कम, दुसऱ्यात जवळजवळ दीड लाख, आणि तरी चुकल्यास फटका सारखाच. बरेच जण नेमकं उलट करतात. प्रत्येक शेअरमध्ये सरसकट ८० हजार टाकतात आणि महिन्याअखेरीस एकट्या चंचल शेअरने सगळा नफा का खाल्ला, याचं उत्तर शोधत बसतात.

भागाकार नेहमी खाली उतरवा, वर नको. आणि एक टक्का हा सगळ्या भांडवलाचा. त्या शेअरमध्ये घातलेल्या रकमेचा नाही. या दोन्हींची गल्लत सतत होते.

शांत शेअरमध्ये तर एक तृतीयांशहून जास्त भांडवल एकाच ठिकाणी अडकतं. ते ठीक आहे?

माझ्या मते नाही, आणि हा या सूत्राचा सर्वांत दुर्लक्षिलेला दोष आहे. एटीआर मागच्या काही आठवड्यांबद्दल बोलतो. शेअर त्या काळात शांत होता, म्हणून उद्या सकाळी वाईट बातमी येणारच नाही, असं होत नाही. २२२ नग हातात असताना तो शेअर दहा टक्के खाली उघडला, तर १४,२०८ रुपये जातील. ठरवलेल्या ४,००० च्या साडेतीन पट.

म्हणून सूत्राच्या जोडीला दुसरी मर्यादा ठेवा: एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांहून जास्त नाही. ४ लाखांवर ८०,००० रुपये, म्हणजे १२५ नग. मग जोखीम २,२५० रुपयांवर येईल. येऊ द्या. दोन आकड्यांपैकी जो लहान निघेल तो घ्यायचा.

तशीच गोष्ट एकसारख्या शेअरची. पाच खाजगी बँकांचे शेअर घेतले आणि प्रत्येकात एक टक्का जोखीम ठेवली, तर कागदावर ते पाच व्यवहार असतात. क्षेत्रालाच फटका देणारी बातमी आली की पाचही स्टॉपलॉस एकाच दिवशी लागू शकतात, आणि गेले पाच टक्के.

दोन एटीआर की तीन?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. १९८३ मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी नवख्या लोकांना शिकवून तयार केलेला 'टर्टल' गट २० दिवसांच्या सरासरीवर दोन पट अंतर ठेवायचा. त्यांचा हिशोब मांडताना एक चूक सर्रास होते, जोखीम एक टक्का होती असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे एका युनिटला, म्हणजे एका सौद्याला, एका पटीमागे एक टक्का धरलेला असे, त्यामुळे दोन पट अंतरावर जोखीम दोन टक्के व्हायची. पगारदार माणसाने ते जसंच्या तसं उचलू नये.

तुमचा गुणक तुमच्याच जुन्या व्यवहारांत सापडेल. जे व्यवहार शेवटी नफ्यात गेले तेवढेच निवडा. खरेदीनंतर नफ्यात येण्याआधी प्रत्येक शेअर तुमच्या भावाच्या किती खाली गेला होता ते बघा आणि त्याला खरेदीच्या दिवशीच्या एटीआरने भागा. बहुतेक आकडे १.६ च्या आत असतील, तर दोनचा गुणक पुरेसा आहे. बरेचसे दोनच्या पुढे गेलेले असतील, तर एक तर अडीच-तीन घ्या किंवा तुमची खरेदी घाईची होते आहे, हे ओळखा.

कुणी स्टॉपलॉस आधीच्या तळाखाली लावतात. ती पद्धतही चांगली, फक्त तिथेही एटीआरने तपासून घ्या. ६४० च्या चंचल शेअरचा आधीचा तळ ६२२ ला असेल, तर अंतर १८ रुपये, म्हणजे ०.७ एटीआर. तळ दिसायला कितीही ठळक असला, तरी ते अंतर एका दिवसाच्या हालचालीपेक्षा कमी आहे.

खरेदीनंतर एटीआर वाढला, तर स्टॉपलॉस खाली न्यायचा का?

नाही. सुरुवातीचा स्टॉपलॉस खरेदीच्या दिवशीच्या एटीआरवर ठरतो आणि तिथेच राहतो. एटीआर २६ चा ३४ झाला म्हणून अंतर ६८ केलं, तर ७६ नगांवरची जोखीम ३,९५२ वरून ५,१६८ होते. नग आधीच घेऊन झालेले असतात, ते आता कमी होत नाहीत. शेअर घसरत असतानाच एटीआर वाढतो, त्यामुळे हा मोह नेमका चुकीच्या वेळी होतो.

नफ्यात आलेल्या शेअरमागे स्टॉपलॉस वर नेताना मात्र ताजा एटीआर वापरतात. चक लेबो यांच्या नावाने ओळखली जाणारी शँडेलियर पद्धत सोपी आहे: अलीकडचा सर्वोच्च भाव वजा तीन एटीआर. शेअर ७४२ ला जाऊन आला आणि एटीआर २८ असेल, तर ७४२ वजा ८४, म्हणजे ६५८. खरेदी ६४० ची, तेव्हा आता मुद्दल सुरक्षित. पुढच्या काही दिवसांत नवा उच्चांक झाला नाही आणि एटीआर ३३ झाला, तर सूत्र ६४३ दाखवेल. ६५८ तसाच ठेवा. हा स्टॉपलॉस फक्त वर सरकतो.

तिमाही निकालानंतर एटीआर एकदम फुगला आहे. तो आकडा धरायचा का?

समजा एटीआर २६ होता आणि निकालाच्या दिवशी रेंज १०० रुपयांची झाली. नवा एटीआर ३१.३ होईल. नंतर शेअर पुन्हा रोजचे २६ रुपयेच हलू लागला, तरी ही ५.३ रुपयांची सूज निम्मी व्हायला नऊ-दहा सत्रं लागतात. त्या काळात खरेदी केली, तर स्टॉपलॉस जरा लांब आणि नग जरा कमी येतील. मला ते चालतं, कारण निकालानंतरचे दिवस तसेही अस्थिर असतात.

उलट बाजूची काळजी जास्त करा. निकालाच्या आदल्या आठवड्यात शेअर बहुधा दबून असतो, एटीआर लहान दिसतो आणि सूत्र तुम्हाला भरपूर नग घ्यायला सांगतं. निकालाची तारीख एक्सचेंजच्या संकेतस्थळावर आधीच दिलेली असते. ती बघूनच नग ठरवा.

९:१५ ला मी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत असते. स्टॉपलॉस लावायचा कसा?

रोजचा साधा स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरताच असतो, म्हणून नोकरदारांना जीटीटी, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत बरेच दिवस टिकणारा ऑर्डर, सोयीचा. त्यात दोन भाव द्यावे लागतात: ज्या भावाला ऑर्डर जागी होईल तो ट्रिगर आणि ज्याच्या खाली विकायचं नाही ती लिमिट. चंचल शेअरमध्ये ट्रिगर ५८८ ठेवलात, तर लिमिट ५८७ ठेवू नका. भाव झपकन खाली गेला की ऑर्डर लटकते. मी साधारण अर्धा एटीआर, म्हणजे १३ रुपये खाली, ५७५ सुचवतो. लिमिट खाली ठेवली म्हणून शेअर ५७५ लाच विकला जात नाही. त्या क्षणी जो भाव मिळेल त्याला जातो.

तरीही शेअर थेट ५६० ला उघडला, तर ट्रिगर लागेल, ऑर्डर ५७५ ला जाईल आणि तशीच पडून राहील. ऐरोलीला उतरल्यावर ऑर्डर बुक उघडून बघणं एवढं तरी रोज करा. ऑर्डर न भरता दिवस संपला, तर ट्रिगर झालेली जीटीटी पुन्हा आपोआप उभी राहत नाही, नव्याने लावावी लागते. ५६० ला विकलंत, तर नुकसान ७६ गुणिले ८०, म्हणजे ६,०८० रुपये, ठरवलेल्याच्या दीडपट. कुठलाही एटीआर गॅपपासून वाचवत नाही. एका व्यवहारात एक टक्काच ठेवायचा तो याचसाठी, की दीडपट झालं तरी सोसवेल.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या डिमॅट खात्यावर डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढण्याची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, किंवा जुना मुखत्यारनामा नसेल, तर शेअर विकण्यासाठी त्या दिवशी टीपिन आणि ओटीपी देऊन परवानगी द्यावी लागते. ती दिलेली नसेल तर स्टॉपलॉस बरोबर भावाला जागा होतो आणि ऑर्डर नाकारली जाते. सगळं गणित बरोबर असूनही शेअर हातातच राहतो. डीडीपीआय एकदा भरून दिला की हा प्रश्न मिटतो.

पाच टक्के सर्किटच्या शेअरला हे सगळं चालतं का?

फारसं नाही. त्या शेअरला एका दिवसात कालच्या बंदपासून पाच टक्क्यांपलीकडे हलताच येत नाही, म्हणून त्याचा एटीआर मुळातच दाबलेला असतो. दोन एटीआरचं अंतर ठीक वाटतं, पण लोअर सर्किट लागलं की घेणाराच नसतो. स्टॉपलॉस लागूनही विक्री होत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्किट. अशा शेअरमध्ये जोखीम अंतरावर मोजू नका. घातलेल्या रकमेतली किती गेली तरी चालेल, असा विचार करून नग ठरवा.

इंट्राडेला पंधरा मिनिटांच्या चार्टवरचा एटीआर वापरू का?

वापरता येतो, पण दिवसात अशा २५ कँडल असतात, त्यामुळे सकाळी दहाला दिसणाऱ्या १४ कँडलच्या आकड्यात कालच्या दुपारचा मोठा हिस्सा असतो, शिवाय पहिल्या कँडलमध्ये रात्रीचा गॅप शिरलेला असतो. अकरा वाजेपर्यंत त्यावर फार विसंबू नका.

बोनस किंवा स्प्लिट झाल्यावर माझ्या शीटमधला एटीआर शेकड्यात गेला. काय करू?

एक्सचेंजची रोजची भावयादी, म्हणजे भावकॉपी, उतरवून शीट बनवलीत तर असं होणारच. त्यात त्या त्या दिवशीचे मूळ भाव असतात. २,००० रुपयांचा शेअर दहाच्या दर्शनी मूल्यावरून दोनवर आला की भाव ४०० होतो, आणि सूत्राला ती १,६०० रुपयांची घसरण वाटते. स्प्लिटच्या आधीचे सगळे उच्चांक, नीचांक आणि बंद भाव पाचने भागा, एटीआर जागेवर येईल. एकास एक बोनस असेल तर दोनने भागा. चार्टिंगच्या संकेतस्थळांवर ही दुरुस्ती बहुधा केलेली असते. तुमच्या जीटीटीत मात्र ट्रिगर जुन्याच भावाचा राहू शकतो, म्हणून एक्स-तारखेच्या, म्हणजे ज्या दिवशी भाव नव्या हिशोबाने उघडतो त्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी तो रद्द करा आणि नंतर नव्या भावाने आणि नव्या नगसंख्येने लावा. ७६ नगांचे एकास पाच स्प्लिटनंतर ३८० होतात, आणि ५८८ चा स्टॉपलॉस ११७.६० ला येतो.